‘तिला’ म्हणजे ‘ला’ की ‘ले’?

‘मी तिला पाहिलं आणि तिला सांगितलं.’ मराठीत या वाक्यात अवघड असं काहीच नाही. दोन्हीकडे ‘तिला’, दोन्हीकडे क्रियापदाच्या शेवटी ‘लं’. हेच वाक्य इटालियनमध्ये असं होतं: ‘ल'ओ विस्ता ए ले ओ देत्तो’. पहिली ‘तिला’ वेगळी, दुसरी ‘तिला’ वेगळी. पहिलं क्रियापद ‘आ’वर संपतं, दुसरं ‘ओ’वर. इटालियन शिकायला लागून वर्ष झालेला माणूस जिथे अडखळतो, त्या बहुतेक जागा या एवढ्याशा वाक्यात सापडतात.

हे वाक्य अचूक लिहिता येण्याची गरज आता हौसेपुरती राहिलेली नाही. डिसेंबर २०१८ पासून लग्नामुळे किंवा दीर्घ वास्तव्यामुळे इटलीचं नागरिकत्व मागणाऱ्याला बी-१ पातळीचं भाषाज्ञान दाखवावं लागतं. दीर्घ मुदतीच्या निवास परवान्यासाठी ए-२ लागतं. सिएना आणि पेरूजा इथली परदेशीयांसाठीची विद्यापीठं, रोमचं रोमा त्रे विद्यापीठ आणि दान्ते आलिग्येरी सोसायटी या संस्थांची प्रमाणपत्रं त्यासाठी चालतात. ए-२ आणि बी-१ या दोन पायऱ्यांच्या मधल्या अंतरात जे व्याकरण येतं, त्यात कर्माची सर्वनामं आणि भूतकाळाची निवड हे दोन विषय सर्वांत जड. पुस्तकात ते वेगवेगळ्या धड्यांत असतात. प्रत्यक्ष लिहिताना मात्र एकाच वाक्यात एकत्र अंगावर येतात.

पुढे जाण्याआधी उच्चारांबद्दल थोडंसं. इटालियनमध्ये ‘माझ्याकडे आहे’ या अर्थाचं ‘ओ’ आणि ‘त्याच्याकडे आहे’ या अर्थाचं ‘आ’ लिहिताना पुढे एच लावतात, बोलताना तो ऐकू येत नाही. त्यामुळे ‘ल'ओ’ (मी त्याला किंवा तिला...) आणि नुसतं ‘लो’ (त्याला) कानाला जवळपास सारखेच लागतात, कागदावर मात्र वेगळे असतात. ऐकून लिहिण्याच्या सरावात इथे हमखास गफलत होते. आणखी एक गंमत मराठी माणसालाच त्रास देते. इटालियनमध्ये ‘मी’ म्हणजे मला आणि ‘ती’ म्हणजे तुला. पहिले काही आठवडे डोकं चक्रावतं, मग सवय होते.

आपली ‘ला’ ही विभक्ती फार उदार आहे. पाहायचं असो, सांगायचं असो, मदत करायची असो की फोन करायचा असो, समोर माणूस असला की आपण ‘तिला’ म्हणतो आणि मोकळे होतो. इटालियन दोन रांगा करते. क्रिया थेट ज्याच्यावर होते त्या कर्मासाठी लो, ला, ली, ले: त्याला, तिला, त्यांना (पुरुष), त्यांना (स्त्रिया). ज्याच्याकडे किंवा ज्याच्यासाठी काही जातं त्यासाठी ल्यी आणि ले: त्याला आणि तिला. ‘त्यांना’साठीही बोलताना आणि साध्या लिखाणात ल्यीच चालतं. मला, तुला, आम्हाला, तुम्हाला यांच्यासाठी दोन्ही रांगांत एकच रूप आहे, त्यामुळे तिथे चिंता नाही. सगळी भानगड तिसऱ्या पुरुषाची.

रांग कोणती ते अर्थावरून ठरवायला गेलं की माणूस फसतो, कारण ते क्रियापद ठरवतं. फोन करण्यासाठी इटालियनमध्ये दोन सर्रास वापरातली क्रियापदं आहेत, क्यामारे आणि तेलेफोनारे. अर्थ तोच, पण ‘मी मारियाला फोन केला’ हे पहिल्याने ‘ओ क्यामातो मारिया’ होतं आणि दुसऱ्याने ‘ओ तेलेफोनातो आ मारिया’. मधला तो एकटा ‘आ’ सगळं सांगून जातो. तो असेल तर सर्वनाम दुसऱ्या रांगेतलं: ‘ले ओ तेलेफोनातो’. नसेल तर पहिल्या रांगेतलं: ‘ल'ओ क्यामाता’. म्हणून सर्वनाम लिहिण्याआधी त्या जागी एखादं नाव घालून वाक्य मनात म्हणावं. नावाआधी ‘आ’ आला की नाही एवढंच पाहायचं.

क्रियापद पाठ करतानाही नुसतं अर्थासकट पाठ करण्यात अर्थ नाही. ‘रिस्पोन्देरे आ’, ‘क्येदेरे आ’, ‘स्क्रीव्हेरे आ’ असं ‘आ’सकट वहीत उतरवावं. उत्तर देणं, विचारणं, लिहिणं, सांगणं, देणं यांच्याबरोबर तो येतो. आयुतारे (मदत करणं), रिन्ग्रात्स्यारे (आभार मानणं), आस्कोल्तारे (ऐकणं), आस्पेत्तारे (वाट पाहणं), चेर्कारे (शोधणं) यांच्याबरोबर येत नाही. मराठी डोक्याला यातली दोन विशेष खुपतात. ‘तिला मदत केली’ यात आपल्याला मदत ‘दिल्या’चा भास होतो, म्हणून हात आपोआप ‘ले’कडे जातो, आणि बरोबर आहे ‘ल'ओ आयुताता’. ‘तिची वाट पाहिली’ यात तर ‘ला’ नाहीच, ‘ची’ आहे, तरी इटालियनमध्ये सरळ ‘ल'ओ आस्पेत्ताता’.

दक्षिण इटलीत, नेपल्स-सिसिलीकडे, बोलताना माणसाच्या नावाआधी हा ‘आ’ नको तिथेही घालतात. ‘ओ विस्तो आ मारिया’ असं तिकडे ऐकू येतं. आपली ‘मारियाला’सारखीच ही सवय आहे. परीक्षेत ती चूक धरली जाते, पण पालेर्मोत राहणाऱ्या मराठी सुनेला घरी कोणी हसणार नाही.

औपचारिक पत्रातही याच रांगा लागतात, कारण इटालियनमधलं ‘आपण’ म्हणजे व्याकरणाच्या दृष्टीने ‘ती’. पत्र पुरुष अधिकाऱ्याला लिहिलेलं असो वा बाईला, सुरुवात ‘ले स्क्रीव्हो’ (आपल्याला लिहिते आहे) अशी आणि शेवट ‘ला रिन्ग्रात्स्यो’ (आपले आभार मानते) असा. बी-१च्या लेखी परीक्षेत कार्यालयाला किंवा घरमालकाला पत्र लिहा असा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा ही दोन वाक्यं न अडखळता लिहिता आलीच पाहिजेत.

आता क्रियापदाच्या शेवटाकडे वळू. इथे मराठी माणसाकडे एक भांडवल आहे, आणि ते वापरायचं बहुतेकांना सुचत नाही. इंग्रजीतून इटालियन शिकवणाऱ्या पुस्तकांत एक नियम मोठ्या चौकटीत, जणू काही विचित्र प्रकार म्हणून दिलेला असतो: कर्माचं सर्वनाम आधी आलं की भूतकाळातलं क्रियापद त्या कर्माप्रमाणे लिंग-वचन बदलतं. आपल्याला यात विचित्र काय वाटावं? मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले, मी पोळ्या खाल्ल्या. खाणारी मी एकच आहे, आणि क्रियापद मला विचारतसुद्धा नाही, ते पोळीकडे बघतं. इटालियनचं ‘ल'ओ मान्जातो, ल'ओ मान्जाता, ली ओ मान्जाती, ले ओ मान्जाते’ हे तंतोतंत तेच आहे. इंग्रजीच्या पुलावरून गेलं की हा नियम डोंगर वाटतो, मराठीतून गेलं तर तो घरचाच आहे.

फक्त दोन जागी घरची सवय मोडावी लागते. पहिली जागा: इटालियनमध्ये ही जुळणी सर्वनाम आधी आलं तरच होते. पूर्ण नाम क्रियापदानंतर आलं तर नाही. ‘मी पित्सा खाल्ला’ हे ‘ओ मान्जातो ला पित्सा’. पित्सा तिकडे स्त्रीलिंगी असूनही ‘मान्जाता’ नाही. जुन्या इटालियन लेखनात तशी जुळणी दिसते, पण आज ती केली तर चूक ठरते. दुसरी जागा याच्या बरोबर उलट. मराठीत कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद रुसून नपुंसकलिंगी होतं: मी तिला पाहिलं, मी त्यांना पाहिलं. इटालियनमध्ये माणूस असो की पोळी, जुळणी होतेच: ‘ल'ओ विस्ता’, ‘ली ओ विस्ती’. म्हणून आपले लोक ‘ल'ओ मान्जाता’ बरोबर लिहितात आणि पुढच्याच ओळीत बायकोबद्दल ‘ल'ओ विस्तो’ लिहून मोकळे होतात.

दुसऱ्या रांगेच्या सर्वनामांशी क्रियापद कधीच जुळत नाही. म्हणूनच सुरुवातीच्या वाक्यात ‘ले ओ देत्तो’ होतं. या एका नियमामुळे एक सुंदर कोडं सुटतं. ‘ले’ हे रूप दोन्ही रांगांत आहे: पहिल्या रांगेत ‘त्या’ (अनेक स्त्रीलिंगी वस्तू किंवा बायका), दुसऱ्या रांगेत ‘तिला’. मग ‘ले ओ...’ अशी सुरुवात ऐकल्यावर कळायचं कसं? शेवट ऐकायचा. ‘ले ओ स्क्रित्तो’ म्हणजे मी तिला लिहिलं. ‘ले ओ स्क्रित्ते’ म्हणजे मी त्या लिहिल्या, म्हणजे चिठ्ठ्या, ओळी, जे काही स्त्रीलिंगी असेल ते. एका स्वराने माणूस की वस्तू हे ठरतं. ऐकण्याच्या परीक्षेत शेवटचा स्वर गिळून टाकणारा विद्यार्थी इथेच मार खातो.

लिंगाबाबत मात्र मराठीवर भरवसा नको. किल्ली आणि गाडी तिकडेही स्त्रीलिंगीच आहेत, फोनही पुल्लिंगी आहे, पण आपलं नपुंसकलिंग तिथे नाहीच, त्यामुळे घर (काझा) स्त्रीलिंगी होतं, पुस्तक (लिब्रो) आणि तिकीट (बिल्येत्तो) पुल्लिंगी होतात, आणि पत्र (लेत्तेरा) पुन्हा स्त्रीलिंगी. ‘पत्र लिहिलं’ या सवयीने ‘ल'ओ स्क्रित्तो’ असं हातून उतरतं, हवं असतं ‘ल'ओ स्क्रित्ता’.

आतापर्यंतच्या वाक्यांत साहाय्यक क्रियापद ‘ओ’ होतं, म्हणजे ‘असणं’ आणि ‘बाळगणं’ यांतलं दुसरं, आव्हेरे. काही क्रियापदं ते न घेता पहिलं घेतात, एस्सेरे. ‘ती गेली’ म्हणजे ‘ए आन्दाता’. इथे क्रियापद कर्त्याशी जुळतं. कोणतं क्रियापद कोणत्या बाजूला, याच्या लांबलचक याद्या पुस्तकात असतात. मी शिकवताना आधी आपली ‘ने’ बघायला सांगते. ‘तिने खाल्लं, तिने पाहिलं, तिने घेतलं’ इथे ‘ने’ आहे, तर आव्हेरे. ‘ती गेली, आली, निघाली, पोहोचली, राहिली, जन्मली, वारली’ इथे ‘ने’ नाही, तर एस्सेरे. याद्यांतली महत्त्वाची क्रियापदं यातच निघून जातात.

ही कसोटी गळतेही, आणि कुठे गळते ते ठाऊक हवं. शरीराने केलेल्या पण जागा न बदलणाऱ्या कामांना मराठी ‘ने’ लावत नाही: ती हसली, रडली, झोपली, नाचली, बोलली, पोहली. इटालियन या सगळ्यांना आव्हेरे देते: ‘आ रीसो’, ‘आ प्यान्तो’, ‘आ दोर्मीतो’. ती जेवली, शिकली, विसरली, यांचंही तसंच. उलट बाजूने एकच मोठं भोक आहे. क्रिया स्वतःवरच उलटते तेव्हा, म्हणजे स्वतःला धुणं, कपडे चढवणं, लग्न करणं अशा ठिकाणी, मराठीत ‘तिने’ असूनही इटालियन एस्सेरे घेते. ‘तिने लग्न केलं’ म्हणजे ‘सी ए स्पोझाता’.

एस्सेरेच्या बाजूचं एक क्रियापद आपल्याला आयतंच मिळालेलं आहे, प्याचेरे, आवडणं. इंग्रजीवाल्यांना त्याचा कर्ता-कर्म उलटा करून समजून घ्यावं लागतं. आपण म्हणतो ‘मला पुस्तकं आवडतात’. पुस्तकं कर्ता, क्रियापद अनेकवचनी. इटालियनमध्ये ‘मी प्याच्चोनो ई लिब्री’, शब्दाला शब्द तेच. भूतकाळात ‘मला ती गाडी आवडली’ म्हणजे ‘मी ए प्याचूता ला माक्किना’, आणि शेवटचा ‘आ’ गाडीचा.

पण ‘आवडली’ आणि ‘आवडायची’ यात फरक आहे. तो इटालियनही पाळते, आणि आता आपण दुसऱ्या अर्ध्या विषयात येतो.

बी-१पर्यंत दोनच भूतकाळांत काम भागतं. एक पास्सातो प्रॉस्सिमो, वर चाललेला तो: झालं, केलं, गेली. दुसरा इम्पेर्फेत्तो. तिसरा पास्सातो रेमोतो हा कथा-कादंबऱ्यांत आणि दक्षिणेकडच्या बोलीत भेटतो. तो वाचताना ओळखता आला की पुरे.

इम्पेर्फेत्तोची व्याख्या पुस्तकात ‘अपूर्ण भूतकाळ’ अशी देतात, आणि ती बऱ्याच जणांना गोंधळात टाकते. त्यापेक्षा त्याची मराठीतली तीन तोंडं ओळखावीत. ‘करायची’, ‘करत होती’ आणि वर्णनाचं साधं ‘होती’. लहानपणी आजोळी जायचो: ‘दा पिक्कोलो आन्दावो’. मी वाचत होते: ‘लेज्जेवो’. घर मोठं होतं: ‘ला काझा एरा ग्रान्दे’. मराठीने तीन रूपांत वाटून घेतलेलं काम इटालियन एका रूपात करते, त्यामुळे मराठीतून इटालियनकडे जाताना वाट उताराची आहे. आपण जिथे ‘-लं’ म्हणतो तिथे प्रॉस्सिमो, जिथे ‘-यचं’ किंवा ‘-त होतं’ म्हणतो तिथे इम्पेर्फेत्तो.

काही क्रियापदांचा अर्थ काळानुसार बदलतो असं सांगून पुस्तकं विद्यार्थ्याला घाबरवतात. मराठीत तिथे बहुधा दोन वेगळी क्रियापदंच आहेत. ‘सापेवो’ म्हणजे मला माहीत होतं, ‘ओ सापूतो’ म्हणजे मला कळलं. ‘कोनोशेवो’ म्हणजे मी ओळखत होते, ‘ओ कोनोशूतो’ म्हणजे ओळख झाली. ‘दोवेवो आन्दारे’ म्हणजे मला जायचं होतं, गेले की नाही ते माहीत नाही. ‘सोनो दोवूता आन्दारे’ म्हणजे मला जावं लागलं, अर्थात गेले. ही जोडी परीक्षेत हमखास कामाला येते, कारण उशीर का झाला, काम का राहिलं, अशी कारणं तिच्याशिवाय देता येत नाहीत.

उतार तीन ठिकाणी संपतो. एक म्हणजे मुदत. ‘मी दहा वर्षं पुण्यात राहत होते’ हे मराठीत अगदी स्वाभाविक आहे. इटालियनमध्ये किती काळ ते मोजून सांगितलं आणि तो काळ संपलेला असला की क्रिया बंद पेटीत गेली, मग ती कितीही लांब असो: ‘ओ आबितातो आ पुणे पेर द्येची आन्नी’. आकडा काढून टाकला आणि ‘तेव्हा मी पुण्यात राहत होते’ एवढंच म्हटलं, तर ‘आबितावो’. वाक्यात ‘पेर’ आणि वेळेचं माप दिसलं की आपल्या ‘-त होतं’ला मुरड घालावी.

दुसरं ठिकाण आपल्या ‘गेलो होतो’चं. काल मी बँकेत गेले होते, गेल्या वर्षी आम्ही इटलीला गेलो होतो, असं आपण जाता-येता बोलतो, खरं तर त्यात ‘त्याआधी’ असा काही अर्थ नसतो. इटालियनमधलं त्यासारखं दिसणारं ‘एरो आन्दाता’ मात्र दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची घटना सांगतं, आणि एकटं आलं की ऐकणारा ‘मग पुढे काय झालं?’ म्हणून थांबून राहतो. तिथे साधं ‘सोनो आन्दाता’ लिहावं. मराठी विद्यार्थ्याचं लेखन लांबूनही ओळखू येतं ते या अनावश्यक ‘एरो’मुळे.

तिसरं ठिकाण याच रूपाचं, पण उलट. ‘ती खुर्चीवर बसली होती’, ‘मी झोपले होते’, यात आपण त्या वेळची स्थिती सांगतो. इथे इम्पेर्फेत्तो लागतो: ‘एरा सेदूता’, ‘दोर्मीवो’.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका उताऱ्यावर पाहू. प्रवासात भेटलेल्या माणसाबद्दल लिहा, असा प्रश्न आहे असं धरू, आणि आधी मराठीत लिहू. ‘गेल्या शनिवारी मी बोलोन्याच्या स्टेशनवर होते आणि फिरेन्त्सेच्या गाडीची वाट पाहत होते. माझ्या शेजारी दोन जड बॅगा घेतलेली एक म्हातारी बाई होती. गाडी आली तेव्हा मी तिला मदत केली, बॅगा उचलल्या आणि वर ठेवल्या. आम्ही अर्धा तास बोलत होतो. तिने मला एक सफरचंद दिलं. मला भूक लागली होती, ते मी लगेच खाल्लं. उतरण्याआधी मी तिला नंबर विचारला आणि संध्याकाळी तिला फोन केला.’

पहिली दोन वाक्यं देखावा उभा करतात: होते, पाहत होते, होती. तिन्ही इम्पेर्फेत्तो. ‘साबातो स्कोर्सो एरो आल्ला स्तात्स्योने दी बोलोन्या ए आस्पेत्तावो इल त्रेनो पेर फिरेन्त्से. आक्कान्तो आ मे चेरा ऊना सिन्योरा आन्त्स्याना कोन दूए वालीजे पेसान्ती.’ इथपर्यंत काहीच ‘घडलेलं’ नाही.

मग गाडी येते आणि गोष्ट हलते. ‘क्वान्दो ए आर्रिवातो इल त्रेनो, ल'ओ आयुताता: ओ प्रेसो ले वालीजे ए ले ओ मेस्से सोप्रा ई सेदीली.’ आली, मदत केली, उचलल्या, ठेवल्या, चार ‘-लं’, चार प्रॉस्सिमो. गाडी इथे ‘त्रेनो’, पुल्लिंगी, म्हणून ‘आर्रिवातो’. मराठी ‘आली’ मनात असेल तर ‘आर्रिवाता’ होऊन बसतं. आयुतारे पहिल्या रांगेचं, म्हणून ल' आणि शेवटी बाईचा ‘आ’. ‘बॅगा उचलल्या’ यात बॅगा नंतर आल्या, म्हणून ‘प्रेसो’ जसाच्या तसा. पुढच्याच तुकड्यात त्याच बॅगा ‘ले’ होऊन आधी आल्या, म्हणून ‘मेस्से’. एकाच वस्तूबद्दलची दोन क्रियापदं, दोन वेगळे शेवट.

‘आम्ही अर्धा तास बोलत होतो’ ही उताऱ्यातली सापळ्याची जागा. मराठी रूप इम्पेर्फेत्तोकडे बोट दाखवतं, पण अर्धा तास मोजून दिलेला आहे आणि संपलेला आहे: ‘आब्ब्यामो पार्लातो पेर मेत्सोरा’.

सफरचंदाला इटालियनमध्ये ‘मेला’ म्हणतात, त्याला आपला इलाज नाही. ‘मी आ ओफ्फेर्तो ऊना मेला; आवेवो फामे ए ल'ओ मान्जाता सूबितो.’ भूक लागली होती ही स्थिती, म्हणून ‘आवेवो’. तिथे ‘ओ आवूतो फामे’ लिहिलं तर भूक अचानक लागून संपल्यासारखं वाटतं. सफरचंद तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून ‘मान्जाता’.

शेवटचं वाक्य: ‘प्रीमा दी शेन्देरे ले ओ क्येस्तो इल नूमेरो, ए ला सेरा ले ओ तेलेफोनातो.’ विचारणं आणि फोन करणं, दोन्ही ‘आ’वाली क्रियापदं, दोन्हीकडे ‘ले’, आणि शेवट न हलणारा ‘ओ’. वर तीच बाई ‘ल'’ होती, इथे ‘ले’ झाली. बाई बदलली नाही, क्रियापद बदललं.

दोन्ही रांगांची सर्वनामं एकत्र आली तर काय, हा बी-१चा पुढचा प्रश्न. ‘मी तिला ती दिली’, म्हणजे किल्ली. क्रम मराठीसारखाच आहे, आधी माणूस, मग वस्तू. मी, ती यांचं मे, ते होतं: ‘मे लो’, ‘ते ला’. त्याला आणि तिला या दोघांचं मिळून एकच ‘ल्ये’ होतं आणि वस्तूला चिकटतं: ल्येलो, ल्येला, ल्येली, ल्येले. ‘ल्येल'ओ दाता’ म्हणजे मी त्याला किंवा तिला ती दिली. शेवटचा ‘आ’ किल्लीचा, माणसाचा नाही, अगदी ‘दिली’सारखाच. कोणाला दिली ते या रूपातून कळत नाही, आधीच्या वाक्यातून कळावं लागतं, म्हणून लेखी परीक्षेत आधीचं वाक्य नाव घेऊन स्पष्ट लिहावं.

लिहून झाल्यावर उजळणीला पाच मिनिटं ठेवा आणि त्यात संपूर्ण निबंध पुन्हा वाचत बसू नका. फक्त प्रत्येक ल', ली आणि ले यांच्यावर बोट ठेवा. मागच्या क्रियापदाला ‘आ’ लागतो का ते बघा. लागत नसेल तर शेवटचा स्वर वस्तूशी किंवा माणसाशी जुळवा, लागत असेल तर तो ‘ओ’च राहू द्या. मग प्रत्येक ‘एरो’ आणि ‘एरा’ पाहा आणि तिथे खरंच स्थिती आहे की नुसतं आपलं ‘गेले होते’ आहे ते तपासा. बी-१च्या पातळीवर या दोन विषयांतल्या मराठी माणसाच्या बहुतेक चुका एवढ्यात सापडतात.